गेलेल्या साथीदारांसाठी टोस्ट : पलटणीच्या स्नेहभोजनात या चुका टाळा

आमच्या मराठा पलटणीचे निवृत्त लोक वर्षातून एकदा कोल्हापुरात जेवायला जमतात. सैनिक टाकळीचे असतात, गडहिंग्लज-चंदगडचे असतात, काही बेळगावहून येतात. जेवणाआधी एकजण उभा राहतो आणि आपल्यातून गेलेल्यांच्या नावाने ग्लास उचलतो. हे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. दोन शब्द बोलायला सगळ्यांनाच येतं, चुका होतात त्या नावांच्या यादीत. म्हणून आधी यादीचंच सांगतो.

पहिल्याच वर्षी मी एका जिवंत माणसाचं नाव वाचलं. ग्रुपवर निरोप आला होता, ‘ब्राव्हो कंपनीचे हवालदार पाटील गेले.’ मी नाव कागदावर उतरवलं आणि वाचलं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठून पुढे आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, आमचे दाजी घरी आहेत. परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.” ब्राव्होत हवालदार पाटील दोन होते. पलटणीत आम्ही त्यांना आर्मी नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून ओळखायचो, एक पाटील ४७ आणि दुसरे पाटील १२. गेले होते ते १२. मी त्याच रात्री दाजींना फोन करून माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने घेतलं, पण फोनवर मागे त्यांच्या बायकोचा रडका आवाज येत होता, तो मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून एकही नाव नुसत्या निरोपावर यादीत जात नाही. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहायच्या : नंबरचे शेवटचे आकडे, कंपनी, गाव आणि घरातल्या ज्या माणसाशी बोलणं झालं त्याचं नाव. घरचा नंबर मिळत नसेल तर त्या गावातला दुसरा माजी सैनिक गाठायचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा रेकॉर्ड ऑफिसला विचारता येतं, पण घरच्यांनी कळवल्याशिवाय त्यांच्याकडेही नोंद होत नाही. त्यामुळे तिथे मृत्यूची नोंद नाही म्हणजे माणूस हयात आहे, असं धरून चालू नका. घरी फोन केलात की हुद्दाही विचारून घ्या. आपल्याला जो हवालदार म्हणून आठवतो, त्याला निवृत्तीनंतर ऑनररी नायब सुभेदार मिळालेलं असतं. एखादे सुभेदार साहेब ऑनररी कॅप्टन झालेले असतात. घराच्या पाटीवर तोच हुद्दा असतो आणि वीरपत्नी किंवा मुलगा हॉलमध्ये बसलेला असेल तर त्याचे कान तेवढ्यासाठीच लागलेले असतात.

दुसरी चूक शब्दाची. इंग्रजी टोस्टचं मराठी करताना एका वर्षी एका साथीदाराने ‘आपल्या गैरहजर साथीदारांसाठी’ असं म्हटलं. सगळा हॉल अवघडला. फौजेत गैरहजर हा गुन्हा आहे, आर्मी अॅक्टच्या कलम ३९ खाली त्यावर चार्ज लागतो. जो माणूस पोस्टवर पडला त्याला गैरहजर कसं म्हणणार? शिवाय त्या शब्दात गुडघे दुखतात म्हणून न आलेलेही येतात, आणि देवाघरी गेलेलेही. आम्ही आता ‘आज आपल्यात नसलेल्या साथीदारांसाठी’ असं म्हणतो. आजारपणामुळे येऊ न शकलेल्यांची नावं त्याआधी, स्वागताच्या वेळी घेतो. दोन्ही याद्या कधीही एका कागदावर ठेवू नका.

तिसरी गोष्ट लांबीची. दरवर्षी नावं वाढत जातात आणि कुणाचंही काढायला मन होत नाही. एका वर्षी साठाच्या वर नावं झाली. चाळिसाव्या नावाला पंचाहत्तरी गाठलेली माणसं खुर्चीची पाठ धरून उभी होती आणि मागे वाढपी तांबड्या रश्श्याची बादली घेऊन ताटकळले होते. आता आमचा नियम असा आहे : लढाईत कामी आलेल्यांची नावं दरवर्षी वाचायची, त्यात तडजोड नाही. त्यांच्यानंतर फक्त गेल्या स्नेहभोजनापासून आजपर्यंत गेलेल्यांची. आधीच्या सगळ्यांसाठी एक वाक्य, आणि पूर्ण यादी दाराशी टेबलावर ठेवलेली. गेल्या वेळी लढाईतली चार आणि वर्षभरातली नऊ अशी तेरा नावं होती. एका नावाला पाच सेकंद धरले तर सव्वा मिनिटाच्या आत होतात. प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबायचं, कारण त्या श्वासात कुणीतरी त्याचा चेहरा आठवत असतो.

मृत्यूचं कारण वाचू नका. लढाईत गेलेल्यांच्या नावापुढे ऑपरेशनचं नाव घ्या, बाकी कुणाच्याही पुढे काही नको. कुणी अपघातात गेला, कुणी दारूपायी गेला, एखाद्याने स्वतःच जीवन संपवलेलं असतं. अशा माणसाचं नाव गाळावं असं सुचवणारे लोक भेटतात. मी गाळत नाही. त्याने आपल्यासोबत बर्फात पहारा दिला आहे, त्याचं नाव इतरांसारखंच, त्याच आवाजात घेतलं जातं.

आता प्रत्यक्ष टोस्ट. मेसच्या औपचारिक डिनरला टोस्ट जेवण झाल्यावर असतो. आमच्याकडे तो जेवणाआधीच घ्यावा लागतो, कारण चंदगडच्या लोकांना शेवटची एसटी गाठायची असते आणि जेवण झाल्यावर हॉल अर्धा रिकामा होतो. आधी सगळे ग्लास भरलेत का, हे स्वतः फिरून बघा. आमच्यात माळकरी बरेच आहेत, त्यामुळे प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग असतो आणि पाण्याने घेतलेला टोस्ट तितकाच खरा असतो. रमचा आग्रह करू नका. पहिला पेग पोटात गेल्यावर हा टोस्ट ठेवला तर मागच्या रांगेत गप्पा थांबत नाहीत, म्हणून बाटल्या त्यानंतरच उघडतो.

मी असं म्हणतो : “उभे राहू या. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच ग्लास हातात घ्या.” मग नावं. मग, “यांच्याआधी गेलेले आपले सगळे साथीदार.” त्यानंतर एक मिनिट शांतता, घड्याळ लावून. अंदाजाने धरलं तर वीस सेकंदांतच कुणीतरी खाकरतो आणि सगळे खाली बसतात. मिनिट झालं की ग्लास उचलून, “आज आपल्यात नसलेल्या साथीदारांसाठी.” सगळे तेच शब्द परत म्हणतात आणि एक घोट घेतात. या टोस्टला ग्लासला ग्लास लावत नाहीत, टाळ्याही नाहीत. हे आधीच सांगून ठेवा, कारण सोबत आलेल्या नातवंडांना माहीत नसतं आणि ती हौसेने टाळ्या वाजवतात.

जयघोषाची घाई ही शेवटची चूक. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, टेमलाई माता की जय’ ही आमची युद्धगर्जना. कोल्हापुरात टेंबलाईची टेकडी जवळच, त्यामुळे इथे तर आवाज आपसूक चढतो. पण घोट घेतल्याबरोबर कुणी गर्जना केली की ज्यांचे डोळे अजून भरलेले आहेत त्यांना चेहरा लपवायलाही वेळ मिळत नाही. सगळ्यांनी ग्लास खाली ठेवू द्यावेत, मागची रांग बसू द्यावी, मग सुभेदार मेजर साहेबांनी उठून गर्जना द्यावी.

जेवताना दोघे-तिघे जवळ येतातच, “साहेब, आमच्या कंपनीचा अमका राहिला.” हो हो म्हणून सोडून देऊ नका. खिशात वही ठेवा आणि तिथेच लिहून घ्या : नंबर, गाव, घरचा फोन. पुढच्या वर्षाची यादी माझ्याकडे त्याच पानावर सुरू होते.