पाठ तपासायला निघण्याआधी

येत्या सोमवारपासून आमचे बी.एड.चे छात्राध्यापक तासगावकडच्या शाळांत आंतरवासितेला जाणार. निरीक्षण वही, वेळापत्रक, मुख्याध्यापकांना द्यायचं पत्र हे कुणी विसरत नाही. टाचण मात्र आदल्या दिवशीच पाहून सही करा, सकाळी एसटीत गुडघ्यावर वही ठेवून नको. वर्गाचा पट आणि आधीच्या तासाला काय शिकवून झालंय हे कोपऱ्यात टिपा. बावीस मुलांचा वर्ग आणि साठांचा वर्ग सांभाळणं ही एकच कामगिरी नव्हे.

आता मी गेल्या वर्षी विसरलो ते. दोन्ही निरीक्षकांनी मिळून आधी एक पाठ तपासायचा. एकाच वर्गात मागे बसायचं, न बोलता वेगवेगळे गुण द्यायचे आणि मग वह्या शेजारी ठेवायच्या. आम्ही हे केलं नाही, थेट छात्राध्यापकांचे गट वाटून घेतले. माझ्या गटाला गुण भरभरून, सहकाऱ्याच्या गटाला हात आखडून. पोरं भांडायला आली, आणि बरोबरच होतं त्यांचं.

उशिरा शहाणपण सुचलं म्हणून सहावीचा अपूर्णांकांच्या बेरजेचा एक पाठ दोघांनी पाहिला. ‘प्रश्न कौशल्य’ला मी पाचपैकी चार दिले, त्यांनी दोन. मी प्रश्न मोजले होते, अठरा. त्यांनी दाखवलं की त्यातले अकरा ‘समजलं का?’ होते. एका मुलानं १/२ + १/३ = २/५ सांगितलं, तर बाईंनी ‘चूक, बस खाली’ म्हणून पुढच्याला उठवलं. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ती चूक वर्गातल्या बऱ्याच जणांची असते, ‘कसं काढलंस?’ एवढं विचारलं असतं तर पाठ तिथेच वर गेला असता. मी ते ऐकूनही वहीत टिपलं नव्हतं!

म्हणून ‘प्रश्न कौशल्य: ५ गुण’ एवढं लिहून भागत नाही. दोन म्हणजे काय आणि चार म्हणजे काय, ते वाक्यात लिहा. आम्ही ठरवलं की चार द्यायचे तर ‘का’, ‘कसं’ विचारणारे प्रश्न हवेत, प्रश्नानंतर निदान तीन सेकंद थांबणं हवं, आणि चुकलेल्या उत्तराचा माग काढलेला हवा. अकरा वेळा ‘समजलं का?’ म्हणजे दोनच. ही वाक्यं पाठाआधी छात्राध्यापकांच्या हातात द्या, पाठ झाल्यावर नव्हे. आणि पुन्हा सांगतो, ती आधी एका पाठावर दोघांनी मिळून वापरून बघा. कागदावर पटलेलं वर्गात पटतंच असं नाही. फरक एका गुणापेक्षा जास्त पडला तर वाक्य बदला आणि दुसरा पाठ पाहा. वेळ नाही म्हणू नका, दोन तासिकांचं काम आहे.

गुण पाठ संपताच भरा. संध्याकाळी भरले की गोड बोलणाऱ्याला जास्त पडतात. अभिप्राय एकट्याला द्या, मुलांसमोर नको. सह्या, तक्ते, बाकीचं नेहमीचंच. सोमवारचा पहिला पाठ मात्र दोघांनी मिळून.