वेगवेगळ्या फोनवरच्या छायाचित्रांत त्वचेचा रंग एकसारखा कसा आणावा

एकाच समारंभात तीन फोनवर टिपलेली छायाचित्रे अल्बमच्या एका पानावर आली, की त्याच आत्याचा चेहरा एका ठिकाणी तांबूस, दुसऱ्या ठिकाणी गुलाबी आणि तिसऱ्या ठिकाणी फिकट दिसतो. अशा वेळी सर्व छायाचित्रांना एकच फिल्टर लावण्याचा मोह होतो. परंतु प्रत्येक छायाचित्रातला दोष वेगळा असल्यामुळे त्या फिल्टरने तो दोष फक्त पुढे सरकतो. म्हणून आधी दोष संपूर्ण छायाचित्रात आहे की केवळ त्वचेत, हे ठरवावे लागते. पुढील कृती GIMP या मोफत संगणक-प्रणालीत करता येते.

सुरुवातीला पडद्याची रात्रीची पिवळसर छटा बंद करावी आणि उजेड कामभर एकाच पातळीवर ठेवावा. काही फोन छायाचित्रे Display P3 या अधिक विस्तृत रंगकक्षेत साठवतात; ती उघडताना GIMP विचारते तेव्हा Convert निवडावे, अन्यथा दोन छायाचित्रांतील आकड्यांची तुलना करता येत नाही.

त्यानंतर एक आधारचित्र निवडावे. त्यातील व्यक्ती आणि एखादी पांढरी किंवा करडी वस्तू इतर छायाचित्रांतही असली पाहिजे, आणि प्रकाशही तोच असला पाहिजे. खिडकीजवळचा चेहरा संध्याकाळच्या उन्हातल्या चेहऱ्याशी जुळवू नये, कारण तिथला फरक खरा असतो. त्याचप्रमाणे दोन माणसांचे वर्णही एकमेकांशी जुळवू नयेत. आत्याची तुलना आत्याशीच करावी.

आता Color Picker घेऊन Sample average सुरू करावे, त्रिज्या 15 ठेवावी आणि उजेडाकडच्या गालावर, चकाकी व लाली टाळून, रंग मोजावा. समजा, आधारचित्रात लाल, हिरवा व निळा हे आकडे 190, 140, 112 आले, म्हणजे रंगचक्रावर मोजलेली रंगछटा सुमारे 22 अंश. आणि पांढऱ्या सदऱ्यावर 206, 207, 214 आले. पांढऱ्या कापडातील चमकद्रव्यामुळे सदरा किंचित निळसर येतोच, म्हणून तो शुद्ध करडा करण्याच्या मागे न लागता सदऱ्याशी सदरा ताडून पाहावा.

दुसऱ्या फोनच्या छायाचित्रात गाल 196, 146, 134 आणि सदरा 205, 208, 222 आहे. दोन्हीकडे निळा वाढलेला आहे, म्हणजे फोनने प्रकाशाचा अंदाजच चुकवला आहे आणि दुरुस्ती संपूर्ण छायाचित्राला हवी. Colors > Levels उघडून Blue निवडावे आणि मधला आकडा 1 वरून 0.81 करावा. गालाचा निळा सुमारे 115 वर, तर सदऱ्याचा 215 वर येतो. रंगछटा 23 अंशांवर येते, आणि एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही.

तिसरे छायाचित्र अधिक फसवे आहे. तिथे सदरा 207, 208, 213 म्हणजे योग्यच आहे, पण गाल 212, 166, 154 इतका उजळ व गुलाबी आहे. फोनने चेहरा ओळखून तेवढाच भाग गोरा केला आहे. इथे संपूर्ण छायाचित्रावर उपाय केला, तर सदरा पिवळा पडेल, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. स्तराची प्रत काढावी, तिला काळा Layer Mask द्यावा आणि मऊ ब्रशने केवळ त्वचेवर पांढरा रंग फिरवावा. ओठ, डोळे व केस वगळावेत; फोनने मान, कान आणि हातही उजळले असतील, तर तेही घ्यावेत, नाहीतर चेहरा मुखवट्यासारखा वेगळा दिसतो. मग Layer Mask वर नव्हे, तर स्तराच्या चित्रावर क्लिक करून Levels मध्ये Value चा मधला आकडा 0.75 आणि नंतर Blue चा 0.88 करावा. गाल 199, 144, 119 च्या आसपास येतो, रंगछटा 19 अंश. Value कमी केल्याने फिकटपणाही बराचसा भरून निघतो.

आकडे हुबेहूब जुळवण्याचा अट्टहास मी धरत नाही. तीन-चार अंशांच्या आत आल्यावर छायाचित्रे लहान करून शेजारी शेजारी ठेवावीत. एखादा चेहरा पटकन डोळ्यांत भरला, तर पुन्हा गाल आणि सदरा, दोन्ही मोजावेत.

एक मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. कपाळावर किंवा गालावर लाल आकडा 255 ला टेकला असेल आणि तिथे सपाट, पिवळसर डाग दिसत असेल, तर त्या जागेचा मूळ रंग छायाचित्रात उरलेलाच नसतो. असे छायाचित्र ठेवायचेच असेल, तर ते कृष्णधवल करून घ्यावे आणि शक्यतो वेगळ्या पानावर लावावे.