फराळाचं पीडीएफ पुस्तक परदेशात विकायला काढण्याआधी

समजा दिवाळी फराळाचं तीस पाककृतींचं मराठी पीडीएफ पुस्तक आहे. ते पुण्या-नागपुरातही विकायचंय आणि न्यू जर्सी, लंडन, दुबईतल्या मराठी घरांतही. लोक फराळ बनवायला बसतात ते वसुबारसेच्या आधीच्या एक-दोन शनिवार-रविवारी, म्हणजे पुस्तक त्याच्या तीन आठवडे आधी विक्रीला लागलं पाहिजे. खाली दिलेलं सगळं त्याच्याही आधी हातावेगळं करायचं.

पहिलं काम मापांचं. आणि बहुतेक जण नेमकं तेच सोडून देतात. "दोन वाट्या भाजणी, एक वाटी पाणी, दोन टेबलस्पून तेलाचं कडकडीत मोहन" असं लिहिलं की आपल्याकडे चालून जातं, कारण लिहिणारीची वाटी साधारण 150 मिलीची असते आणि वाचणारीच्या घरातलीही जवळपास तेवढीच. अमेरिकेतली बाई मात्र वाटी म्हणजे तिथला कप धरते, आणि तो 240 मिलीचा. मग तिची भाजणी 300 मिलीऐवजी 480 मिली होते. पाणीही वाटीनंच मोजलेलं असल्यामुळे ते प्रमाणात वाढतं, पण मोहन चमच्यानं मोजलेलं, ते 30 मिलीच राहतं. लागायला हवं 48 मिली, म्हणजे तीन टेबलस्पूनहून थोडं जास्तच. मीठ-तिखटाचंही तेच. चकली दगडासारखी होते आणि दोष पुस्तकाला लागतो. म्हणून प्रत्येक पाककृती वजनकाट्यावर एकदा करून बघा, कोरडे जिन्नस ग्रॅममध्ये आणि पातळ मिलीमध्ये लिहा. शेजारी वाटी-चमचा ठेवायला हरकत नाही, पण "वाटी = 150 मिली" हे पहिल्याच पानावर ठळक हवं.

जिन्नसांची नावंही दुकानातल्या पाकिटावर वाचता येतील अशी द्यावी लागतात. तिथल्या भारतीय किराणा दुकानात रवाळ बेसन "लाडू बेसन" या नावानं वेगळं मिळतं. ते लिहिलं नाही तर वाचक बारीक बेसन आणतो आणि लाडू टाळूला चिकटतो. तिथल्या तयार पिठीसाखरेत बहुधा कॉर्नस्टार्च मिसळलेलं असतं, त्यानं लाडवाला पिठूळ चव येते. "साखर घरीच मिक्सरमध्ये दळा" एवढं एक वाक्य पुरतं. ओव्हनचं तापमान सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्हींत द्या.

आता फाइल. ती युनिकोड फाँटमध्येच टाइप झालेली हवी. जुन्या डीटीपी फाँटांत केलेलं पान डोळ्यांना ठीक दिसतं, पण त्यातला मजकूर कॉपी केला की अगम्य अक्षरं येतात आणि "चकली" शोधून सापडत नाही. अर्थात युनिकोड वापरूनही पीडीएफमधल्या देवनागरीचा शोध दरवेळी लागेलच असं नाही, जोडाक्षरं आणि वेलांट्यांत तो हमखास अडखळतो. त्यामुळे शोधावर भिस्त न ठेवता अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नावाला त्या पानाची लिंक द्या, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी अनुक्रमणिकेकडे परतायची. फाँट फाइलमध्ये भरला गेलाय की नाही हे संगणकावर पॉप्लर नावाची मोफत साधनं टाकून एका ओळीत कळतं:

```
pdffonts faral.pdf
```

`emb` या रकान्यात सगळीकडे `yes` दिसलं पाहिजे. एका जरी फाँटपुढे `no` असेल, तर तो फाँट नसलेल्या फोनवर त्या ओळींच्या जागी चौकोन दिसू शकतात. डोळ्यांनी तपासायचे शब्द ठरलेले: "दुसऱ्या", "पुऱ्या", "सुऱ्या". यातला ऱ्य तुटला, की फाँट किंवा पान लावायचं सॉफ्टवेअर बदला. बऱ्याच फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. बिघडत काही नाही, पण मराठी डोळ्याला खुपतं.

पान ए-फाइव्ह ठेवा, अक्षर 14 पॉइंटच्या खाली नको. वाचणारीचे हात पिठाचे असतात, फोन ओट्यावर उभा असतो. ए-फोरचं पान दोन बोटांनी मोठं करत बसायला तिला वेळ नाही. फोटो 1200 पिक्सेल रुंदीचे पुरतात. पूर्ण फाइल 15 एमबीच्या आत बसवा, म्हणजे कधी ईमेलला जोडून पाठवायची वेळ आली तरी जीमेलची 25 एमबीची मर्यादा आड येत नाही.

पैसे घ्यायची सोय दोन दारांची करावी लागते. भारतातल्या ग्राहकांना यूपीआय. परदेशातल्या कार्डावरून यूपीआय चालत नाही, आणि भारतीय पेमेंट गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डांची परवानगी सहसा वेगळी मागावी लागते. ती मागताना वेबसाइटवर परतावा, अटी आणि संपर्क ही पानं आहेत का ते बघतात. मंजुरीला दिवस जातात, म्हणून हे काम आधी. पेपॅलनं भारतातल्या भारतात पैसे घेणं 1 एप्रिल 2021 पासून बंद केलंय. परदेशातून येणारे पैसे मात्र घेता येतात, आणि त्यासाठी खात्यावर पर्पज कोड, म्हणजे पैसे कशापोटी येतात ते सांगणारा क्रमांक, निवडावा लागतो. परदेशी पैसे आल्याचा दाखला दर महिन्याला उतरवून ठेवा, सीए तो मागतोच.

कराची एक गोष्ट उशिरा कळते. ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या घरगुती ग्राहकाला बाहेरच्या देशातून डिजिटल वस्तू विकली, की तिथला व्हॅट पहिल्या विक्रीपासून लागू होतो, उलाढाल कितीही छोटी असो. पाच-पन्नास पुस्तकांसाठी तिथे नोंदणी करत बसणं परवडत नाही. त्यामुळे परदेशी विक्री अशा सेवेतून करा जी कागदोपत्री स्वतः विक्रेता होते आणि कर परस्पर भरते. ती तिचा कट घेते. समजा तो 10 टक्के अधिक 50 सेंट आहे: पुस्तक 2 डॉलरला लावलंत तर 70 सेंट गेले, म्हणजे 35 टक्के. 6 डॉलरला लावलंत तर 1.10 डॉलर, म्हणजे 18 टक्क्यांच्या आसपास. भारतातले 199 रुपये नुसते डॉलरमध्ये बदलून परदेशी किंमत ठरवू नये, ते यामुळेच. भारतातल्या जीएसटीचं, सेवांसाठी वीस लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. निर्यातीचं काय ते सीएकडून लिहून घ्या.

फाइल पोचवणं आपोआप व्हायला हवं, कारण न्यू जर्सीत संध्याकाळी सहाला कुणी पैसे भरले की आपल्याकडे पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात. ड्राइव्हची लिंक हातानं पाठवायची पद्धत इथेच फसते: लिंक सगळ्यांना खुली ठेवली तर ती नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते, आणि बंद ठेवली तर सकाळी परवानगी मागणाऱ्या ईमेलचा ढीग. विक्रीच्या सेवेकडून खरेदीदाराचा ईमेल प्रत्येक पानाच्या तळाशी छापून घ्या. फिरवणारा त्यानं अडत नाही, पण स्वतःचं नाव दिसतंय म्हटल्यावर कचरतो. पासवर्ड मात्र नको. ओट्यापाशी तो कुणालाच आठवत नाही.

कार्डाच्या हिशेबपत्रकावर कोणतं नाव येतं ते बघून पावतीच्या ईमेलमध्ये लिहा: "तुमच्या कार्डावर हे पैसे अमुक नावानं दिसतील." अनोळखी नाव दिसलं की लोक बँकेत तक्रार करतात, आणि मग पुस्तकाचे पैसे जातात, वर दंडही बसतो. अशा तक्रारीला उत्तर म्हणून फाइल कधी उतरवली त्याची नोंद कामी येते, तेव्हा ती नोंद ठेवणारीच सेवा निवडा.

शेवटी परदेशातल्या एका ओळखीच्या व्यक्तीला खरे पैसे भरून, तिच्याच फोनवरून पुस्तक विकत घ्यायला सांगा. ईमेल किती मिनिटांत आला, स्पॅममध्ये गेला का, फाइल व्हॉट्सॲपच्या आतल्या ब्राउझरमधून उतरली का, आणि "दुसऱ्या" नीट दिसतोय का, याचे स्क्रीनशॉट मागवा. मग तिचे पैसे परत करा. परतावा नीट होतो की नाही तेही त्यात कळतं.