धानाच्या काट्यावर कट्टे कमी लिहिले गेले तर सोसायटीला पत्र कसे द्यावे

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे आधारभूत केंद्रांवर खरिपाच्या धानाची मोजणी होते. काटा झाला, पावती हातात पडली आणि पावतीवरचे कट्टे आपल्या मोजणीपेक्षा कमी निघाले, तर केंद्रावर हुज्जत घालत बसू नका. त्याच दिवशी लेखी पत्र द्या. मागच्या हंगामात हे माझ्याच धानाच्या बाबतीत घडले, म्हणून तपशिलाने लिहितो.

पहिली चूक मीच करणार होतो. घरून धान ७० चुंगड्यांत भरून नेले होते आणि तोच आकडा पत्रात लिहायला निघालो होतो. पण घरची चुंगडी कधी साठ किलोची, कधी सत्तरची. केंद्रावर धान सोसायटीच्या बारदान्यात ४० किलो निव्वळ भरतीने पुन्हा भरले जाते. त्यामुळे घरच्या चुंगड्यांचा हिशेब तिथे कोणी धरत नाही, आणि धरूही नये.

खरा पुरावा रिकाम्या बारदान्यात असतो. मला १२० बारदाने मिळाले होते. त्यातले आठ मी परत केले, सात कोरे आणि एक फाटका. म्हणजे भरलेले कट्टे ११२. पावतीवर होते १०८. चार कट्टे म्हणजे १६० किलो. २०२५-२६ चा सर्वसाधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये धरला, तर ३७९० रुपये ४० पैसे. म्हणून बारदाना घेताना आणि परत देताना दोन्ही वेळा वहीवर सही घ्या. ही सही नसेल, तर पुढचे पत्र बरेच लुळे पडते.

केंद्रावर मला सांगितले, "ओलावा जास्त होता, म्हणून कमी झाले असेल." हे मानू नका. ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. त्यावर धान गेले तर वाळवून आणायला सांगतात. पण एकदा काट्यावर चढलेला कट्टा ओलाव्यामुळे मोजणीतून गायब होत नाही.

मी दिलेले पत्र असे होते:

"प्रति, मा. सचिव, सेवा सहकारी संस्था.
विषय: काटा पावतीवरील कट्ट्यांची नोंद दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,
मी आपल्या केंद्रावर दोन दिवसांत धान मोजून दिले. पहिल्या दिवशी सायंकाळपर्यंत ६४ कट्टे झाले. वीज गेल्याने काम थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी ४८ कट्टे झाले. एकूण ११२. पावतीवर १०८ ची नोंद आहे. पहिल्या दिवसाचे ६४ बरोबर आहेत, दुसऱ्या दिवशी मात्र ४४ च लिहिले आहेत. त्या सकाळी काट्यावर लिहिणारा माणूस मध्येच बदलला होता.
आपल्या बारदाना वहीप्रमाणे मला १२० बारदाने दिले, त्यातले ८ परत जमा आहेत. तरी माझे धान ज्या थप्पीत लावले आहे, ती थप्पी माझ्यासमोर मोजून साठा नोंदवहीशी ताडून पाहावी. तोवर त्या थप्पीची उचल करू नये आणि माझी ऑनलाइन नोंद अंतिम करू नये, ही विनंती.
सोबत पावती व दोन्ही दिवसांच्या माझ्या टिपणाची प्रत.
आपला नम्र,"

खाली सही, गाव, गट क्रमांक आणि तारीख. पत्राच्या तीन प्रती करा. एक सोसायटीला द्या. दुसरीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन ती घरी ठेवा. तिसरी प्रत जिल्हा पणन अधिकाऱ्यांकडे पाठवली की पत्र टेबलावर पडून राहत नाही. पत्रात कोणावर चोरीचा आरोप करू नका. लिहिणाऱ्याची चूक असू शकते आणि आरोप झाला की समोरचा माणूस वही उघडायलाच तयार होत नाही.

थप्पी मोजायची मागणी यात सगळ्यात महत्त्वाची आहे. त्या थप्पीत ज्या ज्या शेतकऱ्यांचे धान आहे, त्यांच्या पावत्यांची बेरीज आणि थप्पीतले कट्टे जुळले पाहिजेत. माझ्या वेळी थर मोजले तेव्हा नोंदीपेक्षा बरोबर चार कट्टे जास्त निघाले आणि त्याच दुपारी पावती दुरुस्त झाली. पण गाडी गिरणीकडे निघाली की हा मार्ग बंद होतो. थप्पी मोडल्यावर कोणाचा कट्टा कोणता, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून "उद्या बघू" हे उत्तर ऐकून घरी परतू नका.

कट्ट्यांची संख्या जुळत असेल आणि तक्रार वजनाची असेल, तर पत्र वेगळे लागते. तागाचा नवा बारदाना साधारण ५८० ग्रॅमचा असतो, म्हणून बारदान्यासह काट्यावर ४० किलो ५८० ग्रॅमच्या आसपास आकडा दिसायला हवा. प्रत्येक कट्ट्याला एकेक किलो जास्त घेतला जात असेल, तर ११२ कट्ट्यांत एक क्विंटलहून अधिक धान जाते. अशा वेळी दोन-चार कट्टे परत काट्यावर ठेवायला लावून आकडे पत्रात लिहा. काटाच चुकीचा वाटला, तर वैधमापन निरीक्षकांकडे वेगळा अर्ज करा. दोन्ही तक्रारी एकाच पत्रात मिसळल्या की सोसायटी वजनाचे उत्तर देते आणि कट्ट्यांचे राहून जाते.