टिकसाठी हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग : पालकांनी आणि थेरपिस्टनी या चुका टाळा

‘दोन महिने करतोय, काही फरक नाही,’ असं सांगत पालक येतात तेव्हा मी आधी एकच विचारते : घरी नेमकं काय करता? बहुतेक वेळा उत्तर असतं, ‘टिक आली की लगेच आठवण करून देतो, थांबव म्हणून.’ टिक म्हणजे आपसूक, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज; तिला नुसतं थांबवायला सांगणं हे हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग नव्हे. ही पद्धत नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये मांडली. तिच्यात टिक दाबून धरायला सांगत नाहीत. टिक येण्याआधीची उबळ ओळखायची आणि ती ओसरेपर्यंत टिक होऊच शकणार नाही अशी दुसरी हालचाल धरून ठेवायची, हे मूल शिकतं.

एक उदाहरण धरून बोलू. १० वर्षांचा मुलगा आहे, टिकचं निदान झालेलं आहे. तो डोळे मिचकावतो, घसा खाकरतो आणि मान उजवीकडे झटकतो. संध्याकाळपर्यंत मान दुखायला लागते.

तिन्ही टिक एकदम हाती घेऊ नका

पहिल्या सत्रात सगळ्या टिकची यादी करा आणि प्रत्येकीचा त्रास किती हे मुलालाच ० ते १० मध्ये सांगू द्या. आईवडिलांना बहुधा खाकरणं जास्त खटकतं, कारण ते ऐकू येतं. हा मुलगा मात्र मानेला ८ देतो आणि खाकरण्याला ३. मग सुरुवात मानेपासून. मेहनत त्याला करायची आहे, त्यामुळे निवड त्याच्या त्रासावरून व्हायला हवी. बाकीच्या दोन टिकबद्दल घरी तोवर कुणी काही बोलायचं नाही.

ओळख पटण्याआधी उपायाकडे धावू नका

सर्वांत जास्त घाई इथेच होते, थेरपिस्टकडूनसुद्धा. पर्यायी हालचाल पाच मिनिटांत शिकवता येते, म्हणून जाणिवेचा भाग उरकला जातो. मग मुलाला टिक होऊन गेल्यावरच कळते आणि शिकलेली हालचाल नेहमी उशिरा पोहोचते.

दुसऱ्या सत्रात आधी वर्णन करून घ्या. ‘मान झटकते’ एवढ्यावर थांबू नका. हा मुलगा हळूहळू सांगतो : आधी उजव्या कानाखाली ताणल्यासारखं होतं, मग हनुवटी जराशी वर जाते, खांदा किंचित उचलला जातो आणि मग झटका बसतो. कानाखालचा ताण ही त्याची उबळ, आणि हनुवटी उचलली जाणं ही पहिली खूण.

मग म्हणा, ‘आता मी टिक करून दाखवते. माझी टिक सुरू झाली की बोट वर कर.’ दुसऱ्याची टिक पकडताना संकोच कमी असतो. ते जमलं की त्याच्याशी गप्पा मारत बसा आणि स्वतःच्या टिकला बोट वर करायला सांगा. निसटली तर शांतपणे ‘आत्ता एक झाली’ एवढंच म्हणा. पाचपैकी चार वेळा तो स्वतःहून पकडू लागला की पुढचा टप्पा : झटक्याची वाट न पाहता कानाखालच्या ताणालाच बोट वर करायचं. यात अख्खं सत्र गेलं तरी चालेल. काही लहान मुलांना उबळ सांगताच येत नाही. त्यांच्या बाबतीत हनुवटी उचलली जाण्यासारखी दिसणारी पहिली खूण धरून काम करता येतं.

उलट दिशेचा झटका हा उपाय नाही

मान उजवीकडे जाते म्हणून डावीकडे वळवायला सांगितलं, तर एका टिकच्या जागी दुसरी तशीच ठळक हालचाल येते. पर्यायी हालचालीला तीन कसोट्या लावा. ती चालू असताना टिक करणं शक्य नसावं, कुठेही आणि कुठल्याही साधनाशिवाय करता यावी, आणि टिकपेक्षा कमी नजरेत भरावी. या मुलासाठी हनुवटी थोडी खाली आणि आत, नजर समोर, मानेचे स्नायू हलके ताणलेले आणि श्वास नेहमीसारखा चालू. दात आवळले जात असतील किंवा खांदे वर येत असतील तर ताण जास्त झालाय. तेवढा ताण मूल फार वेळ धरू शकत नाही.

ती किती वेळ धरायची? एक मिनिट, आणि तेव्हाही उबळ असेल तर ती ओसरेपर्यंत. बहुतेक मुलं दहा-पंधरा सेकंदांत सोडतात. तेव्हा उबळ ऐन जोरात असते, त्यामुळे झटका येतो आणि ‘याचा उपयोग होत नाही’ अशी मुलाची खात्री पटते. म्हणून सत्रात घड्याळ लावा आणि मधूनमधून विचारा, ‘ताण आता किती? मघाशी सहा होता.’ आकडा आपोआप उतरताना त्याने स्वतः अनुभवला की पुढचं काम सोपं होतं. उबळ निसटून टिक झालीच, तरी त्यानंतर ही हालचाल एक मिनिट करायची.

घरात पहारा नको

पालकांचं काम दोन वाक्यांत मावतं. हालचाल वापरताना दिसला तर ‘आत्ता तू मान छान धरलीस’ असं नेमकं कौतुक करा. टिक झाली आणि हालचाल विसरला तर आधी ठरवलेली हलकी खूण करा, तीही फक्त सरावाच्या वेळेत. मी रोज अर्ध्या तासाची एक वेळ ठरवून देते. खूण कोणती आणि कोण करणार हे मूल ठरवतं. दिवसभर टोकणं सुरू झालं की मूल सरावच टाळू लागतं.

टिकनंतर काय घडतं तेही पाहा. या मुलाची मान गृहपाठाच्या वेळी जास्त झटकते. झटके वाढले की आई मान चोळून देते आणि वही बंद होते. मूल मुद्दाम करतं असा याचा अर्थ मुळीच नाही. टिक खरीच आहे, पण तिच्यामागोमाग सुटका मिळत गेली की त्या प्रसंगात ती वाढते. म्हणून गृहपाठात दर २० मिनिटांनी विश्रांती ठेवा, टिक येवो वा न येवो. मान जरूर चोळून द्या, पण झोपताना.

‘वाढली’ असं वाटलं तर

पहिल्या आठवड्यात नोंदी बहुधा वाढलेल्या दिसतात, कारण पूर्वी लक्षात न येणाऱ्या टिकही आता पकडल्या जातात. शिवाय टिक मुळातच कमी-जास्त होत राहतात. त्यामुळे एका वाईट दिवसावरून हालचाल बदलू नका. रोज त्याच वेळी १५ मिनिटं, मुलाला न जाणवता मोजा आणि आठवड्याला आठवडा ताडून पाहा. ‘इथे दाबली की दुसरीकडे फुटेल’ ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. नवी टिक आली तर ती यादीत लिहा आणि तिची पाळी येऊ द्या.

अपेक्षाही मापात असावी. २०१० मध्ये १२६ मुलांवर झालेल्या चाचणीत, या पद्धतीवर बेतलेल्या उपचाराची ८ सत्रं १० आठवड्यांत दिल्यावर ५२.५ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली. नुसती माहिती आणि आधार दिलेल्या गटात हे प्रमाण १८.५ टक्के होतं. म्हणजे बऱ्याच मुलांना पुरेसा फायदा झाला नाही, आणि ज्यांना झाला त्यांच्याही टिक बहुधा कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. सत्रं नीट होऊनही त्रास तसाच असेल तर औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला.

मानेच्या टिकबाबत एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. जोरदार झटक्यांबरोबर हाताला मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा किंवा चालताना तोल जाणं असं काही दिसलं, तर सराव बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झटक्यांच्या वेळी मूल भानावर नसेल, तर ती टिक आहे असं गृहीत धरू नका. आधी न्यूरॉलॉजिस्टची तपासणी करून घ्या.