संध्याकाळच्या अभ्यासात पोमोडोरो बसवताना या चुका टाळा

नोकरी करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं मला वेळापत्रक दाखवतात, तेव्हा दहापैकी आठांचं गणित एकाच ठिकाणी चुकलेलं असतं. साडेसहा ते दहा म्हणजे साडेतीन तास, २१० मिनिटं. पोमोडोरोत टायमर लावून पंचवीस मिनिटं अभ्यासाचा एक ब्लॉक आणि मग पाच मिनिटं सुट्टी, म्हणजे अर्धा तास. २१० भागिले ३०, झाले सात ब्लॉक. कागदावर सगळं छान दिसतं, पण मोठी सुट्टी धरलेलीच नसते.

पोमोडोरोची मूळ रीत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर बसवली. तिच्यात चार ब्लॉकनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी असते. ती २० मिनिटांची धरून मोजा. पहिले चार ब्लॉक आणि मधल्या तीन छोट्या सुट्ट्या ११५ मिनिटं घेतात, मोठ्या सुट्टीसह १३५. पुढचे तीन ब्लॉक आणि दोन सुट्ट्या मिळून ८५. एकूण २२०. म्हणजे सातवा ब्लॉक दहा मिनिटांनी बाहेर पडतो. सहा ब्लॉक मात्र १९० मिनिटांत बसतात. शेवटच्या ब्लॉकनंतरची सुट्टी मोजायची नसते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

दहा मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटेल. मी स्वतः सात ब्लॉक आखून दीड महिना अभ्यास केला. पहिल्यांदा राज्यव्यवस्था, मग इतिहास, भूगोल, आणि सातव्या ब्लॉकला अंकगणित. रोज काहीतरी पाच-दहा मिनिटांनी पुढे सरकायचं, आणि पावणेदहाला उरलेल्या वेळात नवा ब्लॉक सुरू करण्यात अर्थ नसायचा. 'उद्या करू' म्हणत वही मिटायची. सराव पेपर दिला तेव्हा कळलं, दीड महिन्यात अंकगणिताला मी मोजून चार वेळा हात लावला होता. वेळ जास्त भरली की कात्री नेहमी शेवटच्या विषयाला लागते, आणि शेवटी आपण नावडता विषयच ठेवलेला असतो. तेव्हापासून मी सहाच ब्लॉक आखते आणि नावडता विषय दुसऱ्या ब्लॉकला घेते.

दुसरी चूक जेवणाची. घरात साडेआठला ताटं वाढली जातात, हे माहीत असूनही मोठी सुट्टी भलत्याच वेळी ठेवतात. मग पंधराव्या मिनिटाला हाक येते आणि ब्लॉक मोडतो. मोडलेला ब्लॉक धरायचा नसतो, पुन्हा पहिल्यापासून पंचवीस मिनिटं. म्हणून आधी जेवण पक्कं करा आणि तीच मोठी सुट्टी समजा. साडेसहाला बसलात तर चौथा ब्लॉक ८:२५ला संपतो. जेवून नऊला परत या, ९:०० ते ९:२५ आणि ९:३० ते ९:५५. उरलेल्या पाच मिनिटांत उद्याच्या सहा ब्लॉकना काय करायचं ते लिहून ठेवा.

पण बस उशिरा आली आणि पावणेसातला बसलात, तर चौथा ब्लॉक ८:४०पर्यंत जातो. तो जबरदस्तीने बसवू नका. तीन ब्लॉक ८:१०ला संपतात, पुढची वीस मिनिटं मी चुकांच्या वहीला देते: काल चुकलेली गणितं पुन्हा सोडवणं. चार ब्लॉकनंतरच मोठी सुट्टी, हा नियम तीनवर आणला तरी चालतो. पंचवीसचे वीस करून चौथा ब्लॉक कोंबणं मात्र मला पटत नाही. आज वीस, उद्या पंधरा, असं ते घसरत जातं.

पाच मिनिटांच्या सुट्टीत मोबाइल घेऊ नका. पाणी प्या, गॅलरीत उभे राहा. सुट्टीलाही टायमर लावा.

सुट्ट्या टाळून सलग चार तास बसणारे मला दर वर्षी भेटतात. दोन आठवडे त्यांचा उत्साह पाहण्यासारखा असतो, मग ते आठवडाभर दिसत नाहीत.

पूर्ण सराव पेपर मात्र कधीही ब्लॉकमध्ये तोडू नका. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा एक पेपर दोन तासांचा असतो, तिथे पाच मिनिटांची सुट्टी कोणी देत नाही. त्या दिवशी टायमर बाजूला ठेवून साडेसहा ते साडेआठ पेपर सोडवा, आणि जेवणानंतरचे दोन ब्लॉक फक्त उत्तरं तपासायला ठेवा.