गट नंबर 12/3 ची 12-Mar होते तेव्हा: शेतकऱ्यांची यादी करताना या चुका टाळा

सोयाबीनच्या नुकसानीची यादी होती. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावातले २१४ शेतकरी, प्रत्येकाचं नाव, गट नंबर आणि क्षेत्र. एक्सेलमध्ये सगळं भरून मी प्रत्येकासाठी एका ओळीची पावती तयार केली आणि छापून वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे तात्या पावती घेऊन दारात उभे. म्हणाले, "भाऊ, माझा गट बारा बाय तीन हाय. हे पंचेचाळीस हजार सातशे अठ्ठावीस कुठून आलं?"

पावतीवर खरोखरच "गट नं. 45728" असं छापलं होतं.

कारण असं. गट नंबराच्या रकान्यात 12/3 लिहून एंटर दाबलं की एक्सेलला ती तारीख वाटते, म्हणजे १२ मार्च. पडद्यावर 12-Mar दिसतं, पण आत साठतो तो एक आकडा. १ जानेवारी १९०० ला १ धरून तिथपासून मोजलेला दिवसांचा तो क्रमांक असतो. मी २०२५ मध्ये यादी भरत होतो आणि वर्ष एक्सेल स्वतःच जोडतो, त्यामुळे १२ मार्च २०२५ चा क्रमांक 45728 आत बसला. पावतीसाठी मी `="गट नं. "&C2` असं सूत्र वापरलं होतं. ते सूत्र दिसणारी तारीख न घेता आतला आकडा उचलतं. मी टाइप केलेलं 12/3 मात्र फाइलमध्ये कुठेच उरलेलं नव्हतं.

एवढं होऊनही ते माझ्या लक्षात का आलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. सगळे गट नंबर बिघडत नाहीत. आपल्याकडच्या दिवस-महिना सेटिंगमध्ये पहिला आकडा ३१ पर्यंत आणि दुसरा १२ पर्यंत असला, की जवळपास हमखास तारीख होते. 118/2 जसंच्या तसं राहतं, 57 सुद्धा राहतं. मी यादी वरवर चाळली तेव्हा बहुतेक ओळी मोठ्या गट नंबरांच्या होत्या आणि त्या बरोबर होत्या. बिघडलेल्या ओळी ओळखायची खूण सोपी आहे: रकान्याला कुठलंही संरेखन दिलेलं नसेल तर 118/2 सारखा मजकूर डावीकडे चिकटतो आणि तारीख उजवीकडे सरकते. साधा आकडा 57 सुद्धा उजवीकडेच असतो, म्हणून उजवीकडची प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. मी मात्र यादी नीटनेटकी दिसावी म्हणून सगळा रकाना मध्यभागी घेतला होता. ती खूण मीच पुसून टाकली.

यानंतर बहुतेकांच्या हातून होणारी चूक म्हणजे रकाना निवडून त्याला Text स्वरूप देणं. तारीख झाल्यावर Text दिलं तर 12/3 परत येत नाही, 12-Mar च्या जागी 45728 दिसतो. मग घाबरून तो आकडा हाताने खोडणारेही मी पाहिले आहेत. तसं करू नका. त्या आकड्यातच दिवस आणि महिना शिल्लक आहेत, ते बाहेर काढता येतात.

दुरुस्तीआधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. मग ज्या संगणकावर यादी भरली, त्याच संगणकावर एका रिकाम्या खान्यात 12/3 लिहून पाहा. 12-Mar आलं तर तो संगणक दिवस आधी वाचतो. 3-Dec आलं तर त्याची सेटिंग अमेरिकी पद्धतीची आहे आणि तो महिना आधी वाचतो. ही पायरी गाळली तर तात्यांचा 12/3 दुरुस्तीनंतर 3/12 होऊन बसेल. तोही खरा गट नंबर असू शकतो, फक्त दुसऱ्याच कुणाचा. 45728 निदान डोळ्यात खुपतं, 3/12 कुणालाच खुपत नाही.

आमचा संगणक दिवस आधी वाचणारा निघाला. शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढलं:

```
=IF(ISNUMBER(C2),IF(C2<10000,C2&"",IF(YEAR(C2)=2025,DAY(C2)&"/"&MONTH(C2),"तपासा")),C2)
```

118/2 सारखा मजकूर हे सूत्र जसाच्या तसा ठेवतं. दहा हजारांच्या आतला आकडा म्हणजे 57 सारखा साधा गट, त्यालाही धक्का लावत नाही. ही अट नसती तर 57 ची सुद्धा तारीख धरून 26/2 झालं असतं. उरलेल्यांपैकी ज्यांचं वर्ष भरणीचं वर्ष आहे, त्यांचा दिवस आणि महिना तिरक्या रेघेने जोडले जातात. तुमची यादी ज्या वर्षी भरली ते वर्ष सूत्रात घाला. महिना आधी वाचणारा संगणक असेल तर DAY आणि MONTH यांची अदलाबदल करा. हेच काम TEXT ने "d/m" देऊन करायला जाऊ नका. तिथली तिरकी रेघ संगणकाच्या तारखेच्या चिन्हाप्रमाणे बदलते आणि भारतीय सेटिंगमध्ये बऱ्याचदा 12-3 हाती येतं.

"तपासा" आलेल्या ओळी वेगळ्याच दुखण्याच्या असतात. पोटहिश्श्याचा 12/3/1 हा १२ मार्च २००१ होतो. प्लॉट पडलेल्या जमिनीचा 5/87 हा मे १९८७ होतो आणि आत १ मे अशी तारीख बसते. या ओळींवर सूत्राचा भरवसा धरू नये. सातबारा समोर ठेवून एकेक ओळ हाताने भरावी. आमच्या यादीत अशा नऊ ओळी निघाल्या आणि अर्ध्या तासात झाल्या.

सूत्राचा रकाना तयार झाला की तो कॉपी करून Paste Special मधून Values म्हणून चिकटवा आणि लगेच त्या रकान्याला Text स्वरूप द्या. आता ते द्यायलाच हवं. नाहीतर पुढे कुणी खान्यात शिरून F2 आणि एंटर दाबलं की 12/3 ची पुन्हा तारीख.

नवीन यादी करताना Text हे टाइप करण्याआधी द्यायचं: रकाना निवडा, Home मधल्या स्वरूपाच्या पेटीतून Text घ्या, मग भरायला बसा. एखाददुसरीच नोंद असेल तर आधी एकेरी अवतरण चिन्ह द्या, म्हणजे `'12/3`. ते चिन्ह छापलं जात नाही. "गट 12/3" असं लिहून नंतर Find and Replace ने "गट " काढून टाकायची पद्धत आमच्याकडे बरीच चालते. साध्या स्वरूपाच्या रकान्यात त्या क्षणी उरलेल्या 12/3 ची तारीख होते, तेही एका झटक्यात सगळ्या गावाची.

नव्या एक्सेलमध्ये File, Options, Data इथे आपोआप होणारे बदल बंद करायची सोय आली आहे. ती वाचून मलाही हायसं वाटलं होतं, पण तिचा इथे उपयोग नाही. आधीची शून्यं, खूप लांब आकडे, मधे E असलेले आकडे आणि MARCH1 सारखी अक्षर-आकडा जोडी एवढ्यांपुरतीच ती आहे. त्या MARCH1 चा त्रास एवढा होता की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्या जनुकाचं नाव बदलून MARCHF1 केलं. तिरकी रेघ किंवा आडवी रेघ असलेल्या आकड्यांना ही सोय लागू नाही.

दुसऱ्याकडून आलेली CSV फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. CSV मध्ये स्वरूप साठतच नाही, त्यामुळे समोरच्याने कितीही काळजी घेतली असली तरी उघडताना तारखा होतात. कोरी फाइल उघडून Data, From Text/CSV इथून ती आणा, Transform Data वर जाऊन गट नंबराच्या रकान्याचा प्रकार Text करा आणि विचारलं तर Replace current म्हणा. तारीख झालेली फाइल पुन्हा CSV म्हणून जतन केली तर तिच्यात 12-Mar हेच शब्द लिहिले जातात आणि वर्षही जातं. मग वरच्या सूत्रातली वर्षाची अट भरवशाची राहत नाही, सगळ्या ओळी सातबाऱ्याशी पुन्हा ताडून पाहाव्या लागतात.